इडलीचे पीठ आंबते आणि फुगते : सांगलीतील प्रकल्पाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

अकरावीच्या विद्यार्थ्यांबरोबर हाती घेतलेल्या या प्रकल्पाचा प्रश्न आज निश्चित केला. इडलीचे पीठ रात्रभर ठेवल्यावर आंबट होते आणि वरही येते, आणि या दोन गोष्टी नेहमी एकत्र दिसत असल्यामुळे बहुतेक घरांत त्या एकच समजल्या जातात. पीठ आंबले म्हणजे ते फुगणारच, असे आपण गृहीत धरतो. विश्रामबागेत सकाळी इडलीची गाडी लावणाऱ्या आक्कांशी बोलताना मात्र एका विद्यार्थिनीला वेगळीच गोष्ट कळली. "आंबट वास भरपूर आला, तरी पीठ तसंच बसून राहिलं, असं बऱ्याचदा होतं बघ बाळा, उडीद चांगला नसला की हमखास होतं," असे आक्का तिला म्हणाल्या. आंबणे आणि फुगणे ही खरोखर दोन कामे असतील, तर प्रत्येक काम धान्यातला कोणता भाग करतो हे वेगळे काढून पाहता यायला हवे. प्रकल्पात आम्ही एवढेच पाहणार आहोत.

तांदूळ उकडा घेतला आहे आणि डाळ सालीशिवायची पांढरी उडीद डाळ, दोन्ही गणपती पेठेतून आणलेली. प्रमाण वजनाने तीन भाग तांदूळ आणि एक भाग डाळ असे ठेवले आहे. घरोघरी हे प्रमाण दोनास एकपासून चारास एकपर्यंत बदलते, परंतु तुलना करायची असल्यामुळे आम्ही ते सर्वत्र सारखेच ठेवू. एक लिटरच्या सरळ भिंतींच्या काचेच्या बरण्यांवर बाहेरून कागदी पट्टी चिकटवून मिलिलिटरच्या खुणा केल्या. आम्लता पाहण्यासाठी प्रयोगशाळेतील पीएच पट्ट्या वापरणार आहोत; पीएच जितका कमी, तितके आम्ल जास्त.

५ जानेवारी

तांदूळ आणि डाळ वेगवेगळ्या भांड्यांत सकाळी भिजत घातली. दोन्ही एकत्र भिजवण्याची पद्धतही आहे, पण पुढे दोघांची कामे वेगळी पाहायची असल्यामुळे ती टाळली. संध्याकाळपर्यंत डाळीचे वजन जवळजवळ दुप्पट झाले होते. तांदळाने त्या मानाने बरेच कमी पाणी घेतले.

भिजवण्याचा हेतू केवळ दाणा मऊ करणे एवढाच नाही. डाळीच्या दाण्यात साध्या शर्करा असतात आणि पाणी आत शिरले की त्या हलू लागतात. दाण्यातील विकरेही, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, जागी होतात. त्यांतील काही विकरे स्टार्चचे लहान शर्करांत रूपांतर करतात. उकड्या तांदळाचा स्टार्च गिरणीत उकडतानाच काहीसा उमललेला असतो, त्यामुळे पीठ एकत्र झाल्यावर तो या विकरांच्या हाती सहज लागतो. याउलट, उकडताना तांदळाची स्वतःची विकरे बहुतांशी निकामी झालेली असतात, म्हणून या कामात डाळीचा वाटा मोठा आहे.

पीठ आंबवणारे जिवाणूही मुख्यतः डाळीबरोबरच येतात. त्यासाठी विरजण लागत नाही की यीस्टही लागत नाही. १९६५ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या जिनीव्हा येथील केंद्रातल्या संशोधकांनी इडलीच्या पिठाचा बारकाईने अभ्यास करून दाखवून दिले की, पीठ फुगवण्याचे मुख्य काम ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स नावाचा जिवाणू करतो. आम्ल वाढत गेले की त्याची जागा आम्ल अधिक सोसणारे इतर जिवाणू घेतात. काही पिठांत यीस्ट सापडते, परंतु फुगण्यासाठी ते आवश्यक नाही. एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, मग डाळ खूप चोळून चोळून धुतली तर जिवाणू निघून जातील का?" काही निश्चितच जातात, पण दाण्याच्या खाचांत आणि चिरांत जे उरतात ते पुरेसे असतात. आम्ही डाळ दोन पाण्यांनी धुतली आणि वाटताना भिजवलेलेच पाणी थोडे थोडे वापरले, कारण त्या पाण्यात शर्कराही उतरलेली असते आणि जिवाणूही.

६ जानेवारी

वाटण काल रात्री उशिरापर्यंत चालले, म्हणून त्याची नोंद आज करीत आहे. माझ्या मते या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा हाच आहे.

डाळ आम्ही दोन प्रकारे वाटली. एक भाग दगडी वेट ग्राइंडरमध्ये थोडे थोडे गार पाणी घालत अर्धा तास फिरवला. दुसरा भाग मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून मिनिटभरात बारीक केला. बोटांना दोन्ही सारखेच गुळगुळीत लागत होते. तरीही ग्राइंडरमधील पीठ पांढरेशुभ्र होऊन भांड्यात जवळजवळ दुप्पट दिसू लागले, तर मिक्सरमधील पीठ पिवळसर, पातळ आणि आकाराने लहानच राहिले. पाण्याने भरलेल्या वाटीत दोन्हींचे एकेक टिपूस सोडून पाहिले. ग्राइंडरमधल्या पिठाचे टिपूस लोण्याच्या गोळ्यासारखे वर तरंगत राहिले. मिक्सरमधल्याचे टिपूस तळाशी गेले आणि तेथे हळूहळू पसरले. जुन्या बायका वड्याचे पीठ अशाच प्रकारे पाण्यात सोडून तपासतात, आणि ते तपासणे अगदी योग्य आहे, कारण तरंगणारे पीठ म्हणजे हवेने भरलेले पीठ.

ही हवा का महत्त्वाची आहे, हे नीट समजून घ्यायला हवे. जिवाणूंनी तयार केलेला कार्बन डायऑक्साइड आधी पिठातील पाण्यात विरघळतो. पाणी वायूने भरून गेले तरी त्यातून पूर्णपणे नवा बुडबुडा आपोआप जन्माला येणे फार अवघड असते, कारण अतिसूक्ष्म बुडबुड्याला पाण्याचा पृष्ठताण क्षणात दाबून टाकतो. म्हणून विरघळलेला वायू आधीपासून असलेल्या हवेच्या बुडबुड्यांत शिरतो आणि त्यांनाच मोठे करतो. सकाळी पिठात दिसणारा जवळजवळ प्रत्येक बुडबुडा आदल्या संध्याकाळी वाटताना किंवा फेटतानाच पिठात बसलेला असतो, आणि जिवाणू तो फक्त भरतात.

बुडबुडे टिकवण्याचे सामर्थ्यही उडदाकडेच आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात झालेल्या संशोधनातून उडदातले दोन घटक यासाठी पुढे आले. ग्लोब्युलिन जातीची प्रथिने बुडबुड्याच्या पृष्ठभागावर जाऊन पातळ पडदा तयार करतात, आणि अरॅबिनोगॅलॅक्टन नावाचा चिकट बहुशर्करा पदार्थ बुडबुड्यांमधले पाणी इतके घट्ट करतो की ते खाली ओघळून जात नाही. भिजलेल्या उडदाचा जो बुळबुळीतपणा हाताला लागतो, तो याच पदार्थामुळे. मेथीचे दाणे घालण्याने पिठाला थोडी मदत होते तीही मेथीच्या चिकट पदार्थामुळे, मात्र मेथी उडदाची जागा घेऊ शकत नाही.

तांदूळ बारीक रव्याइतपत वाटला. तो अगदी गंधासारखा बारीक केला तर इडली चिवट होते, आणि फार जाड ठेवला तर रव्याचे कण तळाशी बसतात.

७ जानेवारी

वाटण झाले त्याच रात्री चार बरण्या लावल्या होत्या. प्रत्येकीत पाचशे मिलिलिटरपर्यंत पीठ आणि प्रत्येकीत सुमारे एक टक्का मीठ. थंडी असल्यामुळे बरण्या थर्मोकोलच्या पेटीत कोमट पाण्याच्या बाटल्यांसह ठेवल्या आणि आतील तापमान ३० अंशांच्या आसपास राखले. इतके मीठ ल्युकोनोस्टॉकला त्रास देत नाही, पण नको असलेल्या काही जिवाणूंना मात्र आवरते.

पहिल्या बरणीत केवळ तांदळाचे पीठ होते आणि त्यात दोन चमचे आधीच आंबलेले पीठ मुद्दाम मिसळले होते, जेणेकरून जिवाणूंची उणीव हे कारण उरू नये. सकाळी तिच्यावर बारीक बुडबुड्यांची फुटणारी साय होती, वास आंबट होता आणि पट्टीवर पीएच पाचच्या खाली गेलेला दिसत होता. तरीही पिठाची पातळी जवळजवळ हललेली नव्हती. खाली तांदळाचा घट्ट थर बसला होता आणि वर गढूळ पाणी होते. म्हणजे वायू तयार झाला होता, पण त्याला धरून ठेवणारी भिंत नसल्यामुळे तो वर येऊन निघून गेला.

दुसऱ्या बरणीत केवळ ग्राइंडरमध्ये फेटलेला उडीद होता. त्याने रात्रीतून बरणीचे झाकण उचलले होते. मात्र या पिठाची वाफवलेली इडली ओलसर, चिवट आणि पात्रातून काढताच खचणारी निघाली. उडीद बुडबुडा धरतो, पण वाफवल्यानंतर त्याला उभे ठेवणारा सांगाडा तांदळाच्या स्टार्चचा असतो.

तिसरी बरणी नेहमीच्या मिश्रणाची होती. रात्री दहा वाजता पाचशेच्या खुणेवर असलेले पीठ सकाळी सात वाजता नऊशेच्या खुणेवर होते. काचेतून पाहिले असता तळापासून वरपर्यंत मोहरीएवढे आणि त्याहून लहान बुडबुडे सारखे पसरलेले दिसत होते, आणि पृष्ठभाग गोलसर, किंचित कोरडा झाला होता. पीएच साडेचारच्या जवळ होता. सुरुवातीला तो सहाच्या आसपास होता.

चौथ्या बरणीत हेच प्रमाण होते, मात्र उडीद मिक्सरमध्ये पातळ वाटलेला. पट्टीवर तिसऱ्या बरणीइतकीच आम्लता होती, वासही तसाच होता, परंतु पीठ सहाशेच्या थोडे वर येऊन थांबले होते आणि तळाशी तांदळाचा बोटभर थर जमला होता. आक्कांनी सांगितलेले "आंबट पण बसलेले" पीठ ते हेच. जिवाणूंनी आपले काम पूर्ण केले होते. अडचण वाटण्यात आणि पाण्याच्या प्रमाणात होती.

११ जानेवारी

वर्गात एक शंका निघाली होती की, पीठ लवकर येण्यासाठी दही घालतात, तर दह्याने फुगणेही वाढते का. म्हणून आज तिसऱ्या बरणीसारखेच मिश्रण दोन भागांत घेतले आणि एका भागात दोन चमचे घरचे दही घातले.

दह्याचे पीठ स्पष्टपणे लवकर आंबट झाले. मध्यरात्रीपर्यंत त्याचा पीएच दुसऱ्या पिठापेक्षा बराच खाली आला होता. सकाळी मात्र दही न घातलेले पीठच अधिक उंच होते. याचे कारण असे की, दह्यात ज्यांचा भरणा असतो ते जिवाणू शर्करेचे रूपांतर जवळजवळ पूर्णपणे लॅक्टिक आम्लात करतात आणि वायू सोडत नाहीत. ल्युकोनोस्टॉकचा मार्ग वेगळा आहे. त्याच शर्करेतून तो तीन गोष्टी तयार करतो : लॅक्टिक आम्ल, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड.

`C6H12O6 → C3H6O3 + C2H5OH + CO2`

दही घातल्याने पिठात शर्करेसाठी स्पर्धा सुरू होते आणि आम्लही लवकर वाढते. तीव्र आम्लात ल्युकोनोस्टॉक मंदावतो. त्यामुळे वेळ वाचल्यासारखे वाटते, पण जी शर्करा वायू होऊ शकली असती ती आम्ल होऊन बसते. दही घालू नये असे मी म्हणणार नाही, कारण झटपट आंबट चव हवी असेल तर ते उपयोगी पडते. पीठ फुगण्यासाठी मात्र ते घालण्याचे कारण दिसत नाही.

१२ जानेवारी

वरील समीकरणावरून आज विद्यार्थ्यांनी वायूचा हिशेब मांडला, आणि तो इतका सुबक जुळला की येथे पूर्ण देत आहे.

तिसऱ्या बरणीत पीठ पाचशेवरून नऊशेवर गेले, म्हणजे बुडबुड्यांत सुमारे चारशे मिलिलिटर वायूची भर पडली. त्याशिवाय पिठातील पाण्यात विरघळलेला वायू आहे. या पिठात साधारण तीनशे मिलिलिटर पाणी होते, आणि ३० अंशांवर पाणी आपल्या आकारमानाच्या सुमारे पाऊणपट कार्बन डायऑक्साइड विरघळवू शकते. म्हणजे आणखी दोनशे मिलिलिटरच्या आसपास. एकूण सहाशे मिलिलिटर धरू. या तापमानाला एका मोलचे आकारमान सुमारे पंचवीस लिटर असते, म्हणून हा वायू ०.०२४ मोल झाला. तितक्याच मोल शर्करेतून तो येणार असल्यामुळे आणि एका मोल शर्करेचे वजन १८० ग्रॅम असल्यामुळे शर्करा लागली ०.०२४ गुणिले १८०, म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम. बरणीतील पिठात सुमारे साठ ग्रॅम कोरडी डाळ आणि एकशे ऐंशी ग्रॅम तांदूळ होता. एवढ्या धान्यातील दोन टक्क्यांहूनही कमी भाग खर्च झाला आणि त्यावर बरणी जवळपास दुप्पट भरली!

या हिशेबातून आणखी एक गोष्ट उलगडली. रात्रीच्या पहिल्या काही तासांत पीठ हलत नाही आणि नंतर एकाएकी वर येऊ लागते, हे सर्वांनी पाहिलेले असते. त्याचे अर्धे कारण असे की सुरुवातीला जिवाणूच थोडे असतात. उरलेले अर्धे कारण म्हणजे सुरुवातीचा वायू पाण्यात विरघळण्यातच खर्ची पडतो. पाणी भरत आले की पुढचा वायू थेट बुडबुड्यांत जातो. म्हणून मध्यरात्री उठून पीठ "आलेच नाही" असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

१८ जानेवारी

आज पेटी न वापरता पीठ ओट्यावर ठेवून पाहिले. सांगलीत जानेवारीच्या पहाटे बाहेर बरीच थंडी असते आणि स्वयंपाकघरात पारा वीस अंशांच्या आसपास होता. सकाळी सात वाजता पीठ जेमतेम साडेपाचशेवर होते. ते फेकून न देता तसेच ठेवले, आणि दुपारपर्यंत ते आठशेच्या पुढे गेले. थंडीत जिवाणू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ संथ होते, आणि ल्युकोनोस्टॉक तर मध्यम गारव्यातही काम करू शकतो. म्हणून थंडीत उशिरा आलेले पीठ चवीला बरेच चांगले लागते. याउलट फार उबेत, म्हणजे ३५ अंशांच्या वर, पीठ लवकर येते, पण आम्ल वाढवणारे इतर जिवाणू पुढे सरसावतात आणि पीठ आंबटढाण होते. मिक्सरमध्ये खूप वेळ फिरवून डाळ गरम झाल्यास काही प्रमाणात हेच घडते, म्हणून वाटताना गार पाणी वापरणे उपयोगाचे आहे.

१९ जानेवारी

धान्याच्या पोषणात काय बदलते हा प्रश्न सर्वांना आवडतो, तरी त्याविषयी जपून लिहावे लागते. उडदात रॅफिनोज, स्टॅकिओज यांसारख्या शर्करा असतात. त्या आपल्या आतड्यात पचत नाहीत आणि त्यांच्यामुळे पोटात वायू धरतो. आंबताना त्यांचे प्रमाण घटते, कारण जिवाणूंची आणि दाण्याची विकरे त्यांचे तुकडे करतात. दाण्यात फॉस्फरस साठवून ठेवणारे फायटेट लोह आणि जस्त यांना धरून ठेवते. पीठ आम्ल झाल्यावर दाण्यातील विकरे त्याचाही काही भाग तोडतात, आणि त्यामुळे हे क्षार शरीराला अधिक मिळण्याची शक्यता निर्माण होते. प्रथिने मात्र नव्याने फारशी तयार होत नाहीत. तांदूळ आणि उडीद एकमेकांची उणीव भरून काढतात, कारण तांदळात जे अमिनो आम्ल कमी असते ते उडदात भरपूर असते. पण हा लाभ दोन धान्ये एकत्र खाण्याचा आहे. तो आंबवण्याच्या खाती टाकणे मला योग्य वाटत नाही.

२५ जानेवारी

शेवटचा भाग वाफवण्याचा. पूर्ण आलेले पीठ तीन वाट्यांत घेतले. एका वाटीतील पीठ जसेच्या तसे हलकेच साच्यात सोडले, दुसरीतील पळीने दोनदा वरखाली केले, आणि तिसरीतील मिनिटभर जोरात फेटले. तिसऱ्या वाटीतील पीठ डोळ्यांदेखत खाली बसले आणि त्याची इडली चपटी, घट्ट आली. दुसऱ्या वाटीतील इडली सर्वांत एकसारख्या जाळीची निघाली. दोनदा वरखाली केल्याने तळाचा तांदूळ वर येतो आणि मोठे बुडबुडे फुटून जातात, पण बारीक बुडबुडे टिकून राहतात.

पात्रातली वाफ पिठाला भिडली की पाण्यात विरघळलेला वायू बाहेर पडून बुडबुड्यांत जातो, बुडबुड्यांतील वायू प्रसरण पावतो आणि त्यांत वाफही भरते. याच काळात, साधारण ६५ ते ७५ अंशांच्या पुढे, तांदळाचा स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि उडदाची प्रथिने घट्ट होतात, म्हणून ताणलेल्या बुडबुड्याची भिंत त्याच आकारात स्थिर होते. पाणी आधी उकळून मगच पात्र आत ठेवावे लागते, ते यासाठी. गार पाण्यावर ठेवलेले पीठ हळूहळू तापते आणि भिंती घट्ट होण्याआधीच बुडबुडे एकमेकांत मिसळून वायू निसटून जातो.

पूर्ण आलेल्या पिठाची एक बरणी आणखी काही तास पेटीत ठेवून पाहिली. ती नऊशेवरून खाली घसरून सातशेवर आली, मधोमध खळगा पडला आणि कडेला काचेवर आधीच्या उंचीची पांढरी रेघ राहिली. वायू तयार होण्याचा वेग मंदावला की बुडबुडे फुटतच राहतात आणि त्यांची जागा भरायला कोणी नसते. आक्कांना ही बरणी दाखवली तेव्हा त्यांनी ती रेघ पाहून लगेच सांगितले, "हे पीठ पहाटेच उतरलंय, आता याचे डोसे घाल." डोशाला उंची लागत नाही, आंबट चव मात्र चालते, म्हणून त्यांचा सल्ला मानला. यापुढे बरणीच्या सर्वांत उंच खुणेपाशी पीठ पोचताच ती फ्रीजमध्ये ठेवायची, असे ठरवले. चार-पाच अंशांवर जिवाणूंची वाढ जवळजवळ थांबते आणि इडलीयोग्य पीठ दुसऱ्या दिवशीही वापरता येते, मात्र आम्ल हळूहळू वाढतच असल्यामुळे ते त्यापुढे इडलीसाठी ठेवणार नाही.